गुण शेवटी ठेवायचे की टप्प्याटप्प्याने? फ्लाय ॲशच्या प्रोजेक्टसाठी दोन ब्रीफची तुलना

जानेवारीत सुरू होणाऱ्या सत्रासाठी सिव्हिलच्या प्रोजेक्टचं ब्रीफ लिहायला बसलात की बहुतेक विभागांत दोन नमुने हाताशी असतात. पहिल्यात सुरुवातीला प्रस्ताव, मध्ये एक सादरीकरण आणि मग सगळा भार शेवटच्या अहवालावर आणि व्हायवावर. दुसऱ्यात काम टप्प्यांत तोडलेलं असतं, प्रत्येक टप्प्याला काय जमा करायचं ते ठरलेलं असतं आणि गुणही तिथेच दिले जातात. दोन्हींची तुलना हवेत करून फायदा नाही, म्हणून नागपूरच्या विद्यार्थ्यांना सहज सुचणारा एकच विषय घेतो आणि तो दोन्ही ब्रीफमधून चालवून पाहतो.

विषय असा: एम२५ काँक्रीटमध्ये सिमेंटच्या जागी ०, १५ आणि ३० टक्के फ्लाय ॲश घालायची आणि ७, २८ व ५६ दिवसांची दाबशक्ती मोजायची. कोराडी आणि खापरखेडा जवळ, कन्हानची रेती ओळखीची, त्यामुळे दरवर्षी कोणी ना कोणी हा विषय घेतोच. तीन मिक्स, तीन वयं, दर वेळी तीन क्यूब, म्हणजे १५० मिमीचे २७ क्यूब. सत्र १५ आठवड्यांचं धरू.

| जमा करायचं काम | पहिलं ब्रीफ | दुसरं ब्रीफ |
|---|---|---|
| प्रस्ताव आणि वेळापत्रक | १० | १० |
| साहित्याच्या चाचण्या, मिक्स डिझाइन | – | २० |
| कास्टिंग आणि लॉगबुक | – | २० |
| मध्य-सत्र सादरीकरण | २० | – |
| ७ व २८ दिवसांचे निकाल, अर्धा अहवाल | – | २० |
| अंतिम अहवाल | ३० | १५ |
| व्हायवा | ४० | १५ |

विद्यापीठाने अंतर्गत आणि बाह्य गुणांची वाटणी आधीच ठरवलेली असेल तर हे आकडे फक्त अंतर्गत भागाला लावायचे. तुलना तरीही तीच राहते.

या विषयात कॅलेंडर विद्यार्थ्यांच्या हातात नसतं, ते काँक्रीटच्या हातात असतं. शेवटचा अहवाल १५ व्या आठवड्यात द्यायचा, तर ५६ दिवसांची चाचणी १३ व्या आठवड्यात झालेली हवी. तिथून आठ आठवडे मागे गेलं की कास्टिंग पाचव्या आठवड्यात येतं, म्हणजे फेब्रुवारीच्या सुरुवातीला. पहिल्या ब्रीफमध्ये ही तारीख कुठेच लिहिलेली नसते. मध्य-सत्र सादरीकरण साधारण आठव्या आठवड्यात असतं आणि त्यात संदर्भवाचन, प्रवाहतक्ता आणि साहित्याचे फोटो दाखवले तरी बरे गुण मिळतात. म्हणून गट त्या सादरीकरणानंतर कास्टिंगला लागतो. आठव्या आठवड्यात ओतलेला क्यूब २८ दिवसांचा होतो बाराव्या आठवड्यात, आणि ५६ दिवसांचा होतो तेव्हा सत्र संपलेलं असतं.

५६ दिवस गेले तर काय बिघडलं, असं कोणी विचारेल. या विषयात सगळं बिघडतं. फ्लाय ॲशची अभिक्रिया सावकाश चालते. सिमेंटच्या जलयोजनातून सुटणाऱ्या चुन्याशी ती हळूहळू जुळते, त्यामुळे ३० टक्क्यांचं मिक्स ७ दिवसांना हमखास मागे असतं, २८ दिवसांनाही बहुधा मागेच राहतं, आणि पुढे अंतर भरून काढायला लागतं. फक्त २८ दिवस पाहिले तर निष्कर्ष निघतो की फ्लाय ॲशने ताकद कमी होते. ५६ दिवस पाहिले तर प्रश्नाचं खरं उत्तर समोर येऊ लागतं.

उशिराचा दुसरा तोटा खास आपल्या गावचा आहे. फेब्रुवारीत ओतलेलं काँक्रीट शांतपणे हाताळता येतं. मार्चअखेर-एप्रिलमध्ये गिट्टी उन्हात तापलेली, पाणी कोमट, आणि पारा चाळीशीकडे. स्लम्प भराभर उतरतो, मिक्स घट्ट वाटतं, आणि कोणीतरी न विचारता मगभर पाणी ओततो. पाणी-सिमेंट गुणोत्तर बिघडतं, ताकद पडते आणि अहवालात दोष फ्लाय ॲशवर जातो. चाळीस अंशांच्या वर काँक्रीट करायचं तर आयएस ७८६१ वेगळी काळजी घ्यायला सांगतं, आणि क्युरिंगचं पाणी २७ अंशांच्या दोन अंश इकडेतिकडेच असावं लागतं. एप्रिलमध्ये उघड्या शेडमधली टाकी तिथे राहत नाही. तिन्ही मिक्स एकाच आठवड्यात, लागोपाठच्या दिवसांत ओतले तर निदान हवा सगळ्यांना सारखी मिळते. प्रयोगशाळेत साचे नऊच असतील तरी जमतं: रोज एक मिक्स, नऊ क्यूब, दुसऱ्या दिवशी साचे मोकळे. पण हे वेळापत्रक ब्रीफमध्येच लिहिलेलं असावं लागतं.

आता चुका कधी दिसतात ते पाहू. माझ्या मते निवड इथेच ठरते.

या प्रोजेक्टमध्ये दोन चुका वारंवार होतात. पहिली सिमेंटची. दुकानात सहज मिळतं ते पीपीसी, आणि त्यात फ्लाय ॲश आधीच मिसळलेली असते; आयएस १४८९ नुसार १५ ते ३५ टक्के. गटाने तेच आणलं तर त्यांचं शून्य टक्क्यांचं मिक्स शून्य टक्क्यांचं राहतच नाही. दुसरी चूक राखेची. राखेच्या बंधाऱ्यावरून पोतं भरून आणणं सोपं वाटतं, पण ती पाण्यात वाहून आलेली, जाडसर, ओली राख असते. सिमेंटऐवजी वापरायला आयएस ३८१२ च्या पहिल्या भागात बसणारी, धूळ-संकलकातून निघालेली कोरडी बारीक राख लागते.

पहिल्या ब्रीफमध्ये या दोन्ही चुका व्हायवाला बाहेर येतात. बाहेरून आलेले परीक्षक विचारतात, “सिमेंट कोणतं?” आणि उत्तर ऐकून वही मिटतात. २७ क्यूब फुटलेले असतात, करण्यासारखं काही उरलेलं नसतं. दुसऱ्या ब्रीफमध्ये चौथ्या आठवड्यापर्यंत साहित्याचा अहवाल जमा करायचा असतो: सिमेंटच्या गोणीवरच्या छापाचा फोटो, राखेची बारीकता, रेती-गिट्टीची चाळणी, विशिष्ट गुरुत्व, ओलावा. त्यावर गाईडची सही झाल्याशिवाय साच्यात काँक्रीट जात नाही. चूक तेव्हा सापडली तर नुकसान एका गोणीचं.

आणि गोणी खरोखर एकच लागते. नऊ क्यूबचं आकारमान ०.०३ घनमीटर, सांडलवंड धरून ०.०३६ घ्या. घनमीटरला ३६० किलो बाइंडर धरला तर एका मिक्सला साधारण १३ किलो. तिन्ही मिक्स मिळून ओपीसी ३३ किलोच्या आसपास, म्हणजे ५० किलोच्या एका गोणीत ट्रायलसकट भागतं. “सगळं सिमेंट एकाच गोणीतलं, ओपीसी” हे वाक्य ब्रीफमध्ये घाला. मिक्स डिझाइन आयएस १०२६२ च्या २०१९ च्या आवृत्तीने मागा. एम२५ साठी प्रमाण विचलन ४ धरून लक्ष्य ताकद ३१.६ न्यूटन प्रति चौ. मिमी येते. विद्यार्थ्याने २५ हेच लक्ष्य धरलं असेल तर ते या टप्प्यावर लगेच दिसतं.

खोट्या आकड्यांचा प्रश्नही मांडायला हवा. पहिल्या ब्रीफमध्ये तपासायला फक्त शेवटचा तक्ता असतो, आणि वेळ संपलेल्या गटाला तो तक्ता भरून टाकण्याचा मोह होतो. दुसऱ्यात लॉगबुक लागतं: प्रत्येक क्यूबचा क्रमांक, ओतल्याची तारीख, वजन, यंत्रावरचा भार, फुटण्याचा प्रकार, आणि ते काम कोणी केलं त्याची सही. समजा तीन क्यूब ६४०, ६५५ आणि ५९० किलोन्यूटनला फुटले. २२,५०० चौ. मिमीने भागलं की २८.४, २९.१ आणि २६.२, सरासरी २७.९. सर्वांत कमी क्यूब सरासरीपेक्षा सहा टक्क्यांनी खाली आहे. आयएस ४५६ सरासरीच्या १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतं, म्हणजे हा संच धरायला हरकत नाही. खरे क्यूब असेच विखुरतात. २७.९, २८.०, २७.९ असा संच पुन्हा पुन्हा दिसला, किंवा आठ किलोच्या आसपास भरणाऱ्या क्यूबची वजनंच लिहिलेली नसली, तर यंत्राची नोंदवही मागवायची.

याला जोडूनच दुसऱ्या ब्रीफमध्ये एक ओळ स्पष्ट हवी: ताकद वाढली की घटली याला गुण नाहीत. ती नसेल तर ३० टक्क्यांच्या मिक्सचा कमी आकडा पाहून मुलं घाबरतात आणि आकडा सुधारायला बसतात.

पहिल्या ब्रीफची बाजू कमकुवत नाही, दोन ठिकाणी तर ते सरस आहे. एक म्हणजे गाईडचा वेळ. चार गट असतील तर दुसऱ्या ब्रीफमध्ये चार गुणिले सहा तपासण्या येतात, आणि त्या आठवड्याच्या आत झाल्या नाहीत तर टप्प्यांचा उपयोगच जातो. हा वेळ तुमच्याकडे नसेल तर दुसरं ब्रीफ घेऊ नका. सह्या न झालेलं लॉगबुक पहिल्या ब्रीफपेक्षा वाईट. दुसरं म्हणजे वैयक्तिक गुण. व्हायवाला ४० गुण असले की काम न केलेला मुलगा उघडा पडतो. दुसऱ्यात ८५ गुण गटाचे होतात आणि त्या आडोशाला एखादा सहज तरून जातो. म्हणून मी दुसरं ब्रीफ निवडेन, पण कास्टिंगचे आणि अर्ध्या अहवालाचे पाच-पाच गुण काढून व्हायवा २५ चा करेन, आणि व्हायवात प्रत्येकाला लॉगबुकमधल्या त्याच्याच सहीच्या पानावर प्रश्न विचारेन.

विषय संगणकावरचा असेल, म्हणजे एखाद्या इमारतीचं विश्लेषण, जिथे एका रात्रीत मॉडेल पुन्हा चालवता येतं, तर पहिलं ब्रीफ पुरतं. तिथे कडक टप्पे लावले की मुलं पहिल्याच कल्पनेला चिकटून बसतात.

दुसरं ब्रीफ घेतलं तरी सत्रात यंत्र बंद पडतं, सेशनल येतात, होळी येते. त्यासाठी ब्रीफच्या शेवटी पर्यायी वाट लिहून ठेवा. कास्टिंग सहाव्या आठवड्यात गेलं तर ५६ दिवसांची चाचणी चौदाव्यात होते आणि अहवालाला एकच आठवडा उरतो. हे चालवून घ्यायचं. सातव्यात गेलं तर ५६ दिवस सोडायचे, १८ क्यूब ओतायचे, शीर्षकात “२८ दिवसांपर्यंत” असं घालायचं आणि कास्टिंगच्या गुणांतले पाच कापायचे. त्याहून उशीर झाला तर १५ टक्क्यांचं मिक्स वगळून ० आणि ३० वरच थांबायचं, ओतकाम सकाळी लवकर करायचं आणि ओतताना काँक्रीटचं तापमान लॉगबुकात लिहायचं.