फोटोंचा बॅकअप तपासताना: नमुना रिस्टोअर की चेकसम?

बॅकअपमधले फोटो खरोखर वाचता येतात का, हे पाहण्याचे दोन मार्ग मी वापरले आहेत. एक म्हणजे अधूनमधून काही फोटो परत उतरवून उघडून पाहणे, आणि दुसरा म्हणजे प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्या सर्व बाइट्सवरून काढलेली ओळखखूण, आधी नोंदवून ठेवून तो बॅकअपच्या प्रतीशी ताडून पाहणे.

पहिला मार्ग मला बरीच वर्षे पुरेसा वाटत होता. एकदा मी एका लग्नाचे चाळीस फोटो परत उतरवले; फोल्डरमध्ये सगळ्यांची छोटी चित्रे स्वच्छ दिसली, दहा उघडून पाहिले आणि तेही नीट होते. पुढे छापण्यासाठी त्यातलाच एक न उघडलेला फोटो घेतला, तेव्हा त्याचा खालचा अर्धा भाग नुसता करडा निघाला. कॅमेरा जेपीईजी फाइलच्या सुरुवातीलाच एक लहान प्रतिमा वेगळी साठवतो आणि फोल्डरमध्ये बहुधा तीच दिसते. त्यामुळे मूळ चित्र मध्येच बिघडले तरी ती शाबूत राहते. सुदैवाने भावाच्या डिस्कवर चांगली प्रत होती. डोळ्यांनी केलेल्या तपासणीवरचा माझा विश्वास मात्र तिथेच उडाला, कारण वीस हजार फोटोंत वीस खराब असतील, तर यादृच्छिक पन्नास पूर्ण उघडूनही त्यांतला एखादा सापडण्याची शक्यता जेमतेम पाच टक्के असते.

चेकसम मात्र फाइलचा प्रत्येक बाइट वाचूनच काढला जातो. लिनक्सवर मूळ फोटोंच्या फोल्डरमध्ये जाऊन यादी अशी बनवतो:

```
find . -type f -exec sha256sum {} + > ../SHA256SUMS
```

ही यादी बॅकअपच्या फोल्डरशेजारी ठेवून, त्या फोल्डरमध्ये जाऊन पडताळणी करतो:

```
sha256sum -c --quiet ../SHA256SUMS
```

सर्व ठीक असेल तर पडद्यावर काहीच उमटत नाही. बिघडलेल्या फाइलपुढे `FAILED` येते आणि हरवलेली फाइलही कळते. नुकतीच कॉपी केलेली फाइल डिस्कऐवजी संगणकाच्या मेमरीतूनच वाचली जाऊ शकते, म्हणून डिस्क काढून पुन्हा जोडल्यावरच मी हे करतो. सेकंदाला शंभर मेगाबाइट वाचणाऱ्या डिस्कवर १८० जीबीला साधारण अर्धा तास लागतो.

या मार्गालाही मर्यादा आहेत. यादी बनवण्याआधीच फोटो बिघडलेला असेल, तर चेकसम त्या बिघाडालाच बरोबर ठरवतो. म्हणून कार्डावरून फोटो उतरवून एकदा पाहिले की लगेच यादी करावी. एखाद्या प्रोग्रॅमने फाइलमध्ये शीर्षक किंवा तारांकन लिहिले, तरीही `FAILED` येते.

तरीही, निवड करायचीच झाली तर मी चेकसमकडे झुकेन, आणि दर दोन महिन्यांनी तोच चालवतो. रिस्टोअर मी वर्षातून एकदा, दुसऱ्याच संगणकावर, एन्क्रिप्टेड प्रतीपासून करतो. मागच्या खेपेस कागदावर लिहून ठेवलेल्या पासवर्डमध्ये एक अक्षर चुकलेले आढळले, आणि ते कोणत्याही चेकसमने दाखवले नसते.