पावसाळ्यात प्रोटीन पावडर: फ्रिज बरा की छोट्या बरण्या?

आमच्या बेळगावकडच्या खानापूर भागात जून लागला की मिठाला पाणी सुटतं आणि काडेपेटीतली काडी चार वेळा घासल्याशिवाय पेटत नाही. अशा हवेत दुधापासून काढलेल्या व्हे प्रोटीनचा दोन किलोचा डबा फोडून दोन महिने पुरवायचा म्हणजे थोडी कसरतच. तालमीतली पोरं दर पावसाळ्यात विचारतात, फ्रिजमध्ये ठेवू की बाहेर? मी दोन्ही करून बघितलंय. आधी एक अख्खा पावसाळा फ्रिज, आणि त्यानंतर आजपर्यंत छोट्या बरण्या.

फ्रिजची बाजू आधी मांडतो, कारण त्यात तथ्य आहे. पावडर खराब होण्याचे दोन प्रकार असतात. गुठळी धरते ती ओलाव्यानं. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, हवेतलं पाणी ओढून घेते, चिकट होते आणि कण एकमेकांना धरतात. दुसरा प्रकार सावकाश होतो. उष्णता आणि ओलावा दोन्ही मिळाले की तीच साखर प्रोटीनमधल्या लायसिन या अमिनो आम्लाला जाऊन चिकटते. पावडर पिवळसर-तपकिरी होत जाते, आणि अडकलेलं लायसिन शरीराच्या फारसं उपयोगाचं राहत नाही. थंडीत हे नक्कीच हळू होतं. कॉन्सन्ट्रेट प्रकारच्या व्हेमध्ये थोडं फॅट असतं, तेही थंडीत उशिरा खवट होतं. त्यामुळे फ्रिजवाले अगदीच चूक नाहीत.

माझं बिनसलं ते सकाळी साडेपाचला. तालमीतून यायचं, डबा काढायचा, झाकण उघडायचं, चमचा घालायचा. तेवढ्यात डब्याच्या बाहेर दव धरलेलं असे. जुलैत आमच्याकडे घरातली हवा २४ अंशांच्या आसपास आणि दमट असते. तिच्यात २० अंशांपेक्षा थंड वस्तू ठेवली तरी तिला घाम फुटतो, आणि फ्रिजमधला डबा तर ५-६ अंशांचा. तो घाम नुसता बाहेर येत नाही. झाकण उघडलं की डब्याचा काठ, आतली भिंत, पावडरीत खोचलेला थंड स्कूप, सगळ्यावर धरतो. यावर उपाय आहे: डबा बंदच ठेवून बराच वेळ बाहेर ठेवायचा आणि घरातल्या हवेइतका झाला की मगच उघडायचा. उपाय बरोबर आहे, पण व्यायाम करून आलेल्या भुकेल्या माणसाला तो सांगून बघा. मी आठवडाभर पाळला, मग सोडला. ऑगस्टच्या मध्यात स्कूपभोवती लिंबाएवढा गड्डा झाला होता आणि भिंतीला कडक पापुद्रा. कुणाच्या घरी सकाळी तेवढा धीर असेल तर त्यांचं फ्रिजमध्ये नीट चालेलही. मला जमलं नाही.

तेव्हा मी जरा हिशोब मांडला. आमच्या जुलैच्या हवेत एका घनमीटरला ढोबळ २० ग्रॅम पाणी असतं. डबा अर्धा रिकामा आणि आत दोन लिटर हवा धरली, तरी एकदा उघडून ती सगळी बदलली तर पाणी आत येतं ०.०४ ग्रॅम. ओल्या चमच्यावरचे चार थेंब म्हणजे ०.२ ग्रॅम, पाचपट! शिवाय हवेतलं पाणी सगळीकडे पसरतं, थेंब मात्र एकाच जागी बसतो आणि तिथंच गुठळी धरते. आम्ही सगळे हवेला शिव्या देत होतो, खरा गुन्हेगार शेकर धुऊन त्याच हातानं उचललेला स्कूप होता. (झाकण उघडं टाकून फोनवर बोलत बसणारे वेगळे, त्यांचा हिशोब मी मांडलेला नाही.)

म्हणून बरण्या. दोन किलोचा डबा घेणं बंद केलं, आता एकेक किलोचा घेतो. किलोमागे पैसे थोडे जास्त पडतात, ते मान्य आहे. ३० ग्रॅमचा स्कूप धरला तर आठवड्याला २१० ग्रॅम लागते, अर्धा लिटरच्या बरणीत दाबून जेमतेम मावते. किलोच्या पाच बरण्या होतात. काचेच्या, रबरी रिंगच्या झाकणाच्या. पॅक फोडतो तो पाऊस उघडलेल्या दुपारी. बरण्या आदल्या दिवशी धुतलेल्या, पुसलेल्या आणि चुलीजवळ उपड्या न ठेवता आडव्या ठेवून वाळवलेल्या असतात, कारण उपडी ठेवली की वाफ आतच कोंडते. काठोकाठ भरायच्या, म्हणजे आत हवाच कमी उरते. झाकण लावण्याआधी काठ कोरड्या फडक्यानं पुसायचा. हे पुसणं विसरू नका: रिंगखाली पावडरीचे चार कण अडकले तरी झाकण घट्ट बसत नाही. झिपच्या पाऊचचं नेमकं हेच होतं, खाचेत पावडर बसते आणि झिप लागल्यासारखी नुसती वाटते.

यात फायदा असा की चार बरण्यांना हात लागत नाही. चूक झालीच तर एका आठवड्याची पावडर जाते, महिन्याची नाही. चमचा बरणीत ठेवायचा नाही, तो वेगळा आणि कोरडा. बरण्या अंधाऱ्या कपाटात, गॅसच्या वरच्या फळीवर नाही, तिथं कुकरची वाफ येते. आमच्या कौलारू घरात बाहेरच्या दगडी भिंतीला ओल धरते, म्हणून आतल्या भिंतीचं कपाट.

बरणीत तांदूळ घालू नका. मिठात चालतं म्हणून लोक इथंही घालतात. पण घरातल्या तांदळात स्वतःचंच १२-१३ टक्के पाणी असतं आणि चांगल्या पावडरीत चार-पाच टक्के. म्हणजे तांदूळ पावडरीला कोरडं करणार नाही, उलट तिलाच पाणी देईल. सिलिका जेलची पुडी चालते, पण दोन महिने उघडझाप झालेल्या डब्यातली मूळ पुडी बहुतेक भरून गेलेली असते. खाद्यपदार्थांच्या डब्यात ठेवायची नवी पुडी घ्या. निळ्या मण्यांची नको, त्यात कोबाल्ट असतं.

गुठळी दिसली म्हणून लगेच फेकायचीही गरज नाही. दोन बोटांत चुरा होत असेल तर पावडर ठीक आहे. दगडासारखी असेल तर ओल बरेच दिवस आत होती असं समजा आणि वास घ्या. जुन्या तुपासारखा किंवा आंबूस वास, रंग गडद, नाहीतर कुठं बुरशीचा ठिपका, यातलं काहीही असलं तर सगळी बरणी टाका. ठिपका काढून उरलेली वापरू नका.

अथणी-रायबागकडच्यांना एवढा खटाटोप कदाचित लागणार नाही. तिकडं पाऊस कमी, मूळ डबा कपाटात ठेवूनही निभतं. त्यांची अडचण एप्रिल-मेचं ऊन. न फोडलेला पॅक त्या दिवसांत फ्रिजमध्ये ठेवायला माझी हरकत नाही, फक्त फोडण्याआधी रात्रभर बाहेर काढून ठेवा. वजन वाढवायला मास गेनर घेणाऱ्यांनी मात्र बरण्यांचाच विचार करावा, त्यात साखर आणि माल्टोडेक्स्ट्रिन जास्त, ते आणखी लवकर धरतं.

आणि बरण्या नव्याच घ्या. मी पहिल्या वेळी घरातल्या लोणच्याच्या दोन बरण्या गरम पाण्यानं तीनदा धुऊन वापरल्या होत्या. काच स्वच्छ झाली, पण रबरी रिंगमधला हिंग-मोहरीचा वास गेला नाही. चॉकलेट फ्लेवर होता.