वारनिहाय अपेक्षित नोंदसंख्या : सांगलीतील काही महिन्यांच्या वापराचा अनुभव

सांगलीच्या मार्केट यार्डातील अडत दुकानांच्या हळद आणि बेदाण्याच्या सौदेपट्ट्या आमच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये रोज मध्यरात्रीनंतर दीड वाजता भरल्या जातात. कामाच्या वारी सुमारे चार हजार नोंदी येतात. रविवारी सौदे नसल्यामुळे फक्त मागच्या पट्ट्यांच्या दुरुस्त्या येतात आणि त्या जेमतेम दीडशे असतात. सर्व वारांची मिळून एकच सरासरी धरणारी जुनी तपासणी त्यामुळे दर रविवारच्या डेटावर इशारा देत असे, आणि रात्रपाळीचे सहकारी तो न वाचताच बंद करू लागले होते.

आता प्रत्येक वाराची तुलना त्याच वाराच्या मागील आठ आठवड्यांशी होते. मध्यासाठी सरासरीऐवजी मध्यक घेण्याचा निर्णय मला सर्वांत मोलाचा वाटतो. समजा, आठ रविवारच्या नोंदी १४०, १५२, १३८, १६०, १४४, ०, १५० आणि १४८ आहेत. त्यातला शून्य म्हणजे फाइलच न आलेला दिवस. सरासरी १२९ वर घसरते, मध्यक मात्र १४६ राहतो. मध्यकापासूनच्या अंतरांचा मध्यक ६ येतो. त्याची साडेचार पट, म्हणजे २७, वजा केल्यावर खालची मर्यादा ११९ ठरते. दीडशे नोंदींचा रविवार आता शांतपणे पार पडतो आणि चाळीस नोंदींचा रविवार लगेच पकडला जातो. हेच प्रमाणित विचलनाने केले असते, तर त्या एका शून्यामुळे मर्यादा ऋण झाली असती आणि रिकामी फाइलसुद्धा बिनबोभाट स्वीकारली गेली असती.

वार कोणत्या तारखेवरून काढायचा, हा प्रश्न मात्र नीट समजून घ्यायला हवा. रविवारचा डेटा सोमवारी पहाटे येतो, पण सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर असल्याने तेथे तेव्हा रविवारची रात्रच असते. त्यामुळे धावण्याच्या वेळेवरून वार काढला तरी एरवी तो बरोबरच दिसतो. काम रखडून आपल्या साडेपाचनंतर सुरू झाले, की तेथेही सोमवार लागतो आणि दीडशे नोंदींची तुलना चार हजारांशी होते. म्हणून वार सौद्याच्या तारखेवरूनच काढावा :

```sql
extract(isodow from sauda_dinank)  -- रविवार = 7
```

सणांच्या बाबतीत ही पद्धत अपुरी आहे. दिवाळीत सौदे बंद असतात तेव्हा गुरुवारही रविवारसारखा वागतो. त्यासाठी बाजार समितीच्या सुट्ट्यांचा तक्ता वेगळा ठेवून ते दिवस आठ आठवड्यांच्या हिशेबातून वगळावे लागतात. नव्या हळदीची आवक वाढू लागली की आठ आठवड्यांचा मध्यक काही काळ मागे राहतो, म्हणून त्या दिवसांत वरच्या मर्यादेचा इशारा आम्ही केवळ नोंदवून ठेवतो आणि खालच्या मर्यादेच्या इशाऱ्यावरच कोणाला उठवतो.