फिकट नोट्स: प्रिंट काढावी की एकपानी टाचण करावं?

मैत्रिणीच्या वहीचे मोबाइलवर आलेले फोटो, त्यातलं अक्षर फिकट आणि सकाळी पेपर. अशा वेळी एक तर स्कॅनर अ‍ॅपचा काळा-पांढरा फिल्टर लावून सरसकट प्रिंट काढायच्या, नाहीतर फोटो करड्या छटांतच ठेवून त्यावरून हाताने एक पान उतरवायचं. दहावीच्या विज्ञान भाग १ च्या आदल्या रात्री, देवगडला पुतणीच्या टेबलाशी बसून आम्ही दोन्ही करून पाहिलं.

फिल्टरचं काम दिसायला देखणं असतं. पावसाळ्यात ओल धरून पिवळा पडलेला कागद पांढराशुभ्र होतो, हाताची सावलीही जाते. अक्षर गडद बॉलपेनचं असेल तर मीही हेच सुचवीन, वेळ वाचतो. अडचण अशी की फिल्टर प्रत्येक ठिपका काळा की पांढरा एवढंच ठरवतो आणि जे फारच फिकट असेल ते पांढऱ्यात ढकलतो. तुटकं अक्षर अंदाजाने वाचता येतं. बारीक खूण गेली तर मात्र ती गेली हेच कळत नाही.

गुरुत्वाकर्षणाच्या पानावर नेमकं तेच झालं. प्रिंटवर स्वच्छ दिसत होतं, G = 6.67 × 10¹¹. पुतणी मुक्तिवेगाचं उदाहरण सोडवत होती, म्हणाली, "काका, उत्तर भलतंच येतंय." सूत्र v = √(2GM/R), पृथ्वीचं वस्तुमान 6 × 10²⁴ kg, त्रिज्या 6.4 × 10⁶ m. उत्तर सेकंदाला सुमारे 11.2 km यायला हवं. तिचं आलं साधारण 10¹⁵ m/s, आणि प्रकाशाचा वेगसुद्धा 3 × 10⁸ च. मूळ फोटो मोठा करून पाहिला तर 11 च्या आधी पेन्सिलची पुसट आडवी रेघ होती. 10⁻¹¹ मधलं वजाचं चिन्हच फिल्टरने खाल्लं होतं.

माझं मन तिथेच टाचणाकडे झुकलं. करड्या छटेतला फोटो मळकट दिसतो, पण ती रेघ त्यात टिकते. पुतणीने पानाच्या डाव्या बाजूला सूत्रं आणि एककं लिहिली, उजव्या बाजूला प्रत्येक सूत्राचं एक सोडवलेलं उदाहरण. उत्तर जुळलं की मगच पुढचं सूत्र. जागरण झालं, पण चुकीचा घातांक पानावर शिरायला वाव राहिला नाही.

धडे बरेच राहिले असतील तर हे जमेलच असं नाही. भिंगांच्या किरणाकृती तर आम्हीही प्रिंटच केल्या. फोटो मुळातच धूसर असेल तर दोन्हीचा उपयोग नाही. मैत्रिणीला तो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पुन्हा पाठवायला सांगा, साध्या फोटोत बारकावे दबतात. आणि प्रिंटच घ्यायची ठरली तर निदान घातांक तेवढे मूळ फोटोशी ताडून पेनाने गडद करून घ्या.