टेन एक्सचा आरसा, सात महिन्यांनंतर: सक्शन कप भंगार, आणि माझ्या नाकाची गोष्ट

मे महिन्यात सेलमध्ये 1,149 रुपयांना घेतला होता, एका बाजूला साधा आरसा, दुसऱ्या बाजूला दहापट मोठं दाखवणारा टेन एक्स, कडेने गोल लाईट, मागे सक्शन कप. फोटो, स्पेसिफिकेशन सगळं तुम्ही बघितलंच असेल म्हणून ते टाईप करत बसत नाही. मी थेट सक्शन कपवर येते कारण माझा खरा राग तिथे आहे.

सांगतात काय, तर टाईलवर दाबा, खटका फिरवा, झालं. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटमधली (भांडुप, चौदावा मजला), बिल्डरने बाथरूमला हल्लीच्या त्या खडबडीत मॅट टाईल लावल्यात, आणि त्यावर हा कप टिकतच नाही. कारण साधं आहे, कप धरतो तो आतली हवा काढून, आणि टाईल खडबडीत असली किंवा दोन टाईलमधली फट कपाखाली आली की हवा हळूहळू परत आत शिरते. बॉक्सवर कुठेही लिहिलेलं नाही की गुळगुळीत टाईलच पाहिजे. मी पाणी लावलं, खोबरेल लावलं, शेवटी बेसिनवरच्या मोठ्या आरशाच्या काचेवरच चिकटवला, तिथे टिकला. म्हणजे आरशावर आरसा. नवरा म्हणाला आता त्याच्यावर अजून एक छोटा लाव.

पहिल्या महिन्यात मी पाच स्टारचा रिव्ह्यू टाकला होता. तो आता एडिट करतेय, म्हणून सगळं सांगते.

घेतला होता फक्त हनुवटीवरच्या दोन जाड केसांसाठी. पार्लरवाली ताई महिन्याने काढते तोवर ते मला बोटाला लागत राहतात. दोन केस, एक मिनिटाचं काम. पण केस काढून झाल्यावर चेहरा समोर असतोच ना, मग नजर नाकावर जाते, आणि तिथे काय दिसलं तर ठिपके, राखाडी, ओळीत, खसखस पेरल्यासारखे. छत्तीस वर्षं हे नाक घेऊन फिरतेय, कधी दिसले नव्हते. एकदा मी चक्क मोजले, एका नाकपुडीवर चाळीस झाले आणि मग कंटाळले.

त्यात आमच्या बाथरूमचा लाईट. बिल्डरने दिलेला गोल एलईडी पॅनल, ढणढणीत पांढरा, छतात, बरोब्बर बेसिनच्या वर. आरशाला स्वतःचा लाईट होता पण तो मी लावायचेच नाही, चार्जिंग संपतं म्हणून. म्हणजे माझी काटकसर मला इथे नडली. कारण समोरून सगळीकडून सारखा पडणारा उजेड सावल्या खाऊन टाकतो, आणि डोक्यावरून तिरपा येणारा उजेड प्रत्येक बारीक खड्ड्याला स्वतःची सावली देतो. रस्त्यावरचे खड्डे दुपारी बाराला तेवढे दिसत नाहीत आणि संध्याकाळी ऊन तिरपं झालं की जास्त खोल वाटतात, तसंच. डोळ्यांखालची सावली, नाकाच्या बाजूच्या रेषा, गालावरची छिद्रं, सगळं त्या पॅनलखाली दुप्पट. त्यावर टेन एक्स.

मग सुरू झालं. रात्री साडेदहा-अकराला, भांडी आवरून, अंघोळ करून, चेहरा वाफेने मऊ झालेला, आणि मी दोन्ही तर्जन्यांची नखं घेऊन नाक पिळतेय. दाबलं की बारीक शेवईसारखं काहीतरी बाहेर येतं आणि खरं सांगते, बरं वाटतं. पाच मिनिटं म्हणून गेलेली मी पस्तीस मिनिटांनी बाहेर यायचे, नाक लालबुंद. पिळलं, नाकावर चिकटवायच्या पट्ट्या आणल्या, त्या ओढल्या, आठ-दहा दिवस साफ वाटायचं, मग परत ठिपके. मला वाटायचं अजून नीट साफ होत नाहीये. जुलैमध्ये उजव्या बाजूला एक जागा जरा जास्तच कोरली, खपली धरली, खपली मी काढली, परत धरली, परत काढली, आणि शेवटी तिथे तुरीच्या दाण्याएवढा तपकिरी डाग बसला.

भुवयांचंही तेच. टेन एक्समध्ये एका वेळी अर्धीच भुवई दिसते, दुसरी चौकटीत नसतेच, मग समान झाली की नाही कळणार कसं. इकडचा एक केस, तिकडचा एक केस, करता करता डाव्या भुवईचं शेपूट गेलं. पार्लरवाली ताई धागा तोंडात धरलेला तसाच ठेवून थांबली आणि म्हणाली, ‘घरी काय केलंत तुम्ही?’ तीन महिने पेन्सिलीने काढतेय ते शेपूट. आणि गंमत ऐका, त्या चाळीस ठिपक्यांबद्दल आयुष्यात मला कोणी एक शब्द बोललं नव्हतं. भुवई आणि खपली मात्र ऑफिसमध्ये तीन जणांनी विचारली, लोकलमध्ये तर रोजच्या ग्रुपमधल्या एका काकूंनी थेट हातात ओल्या हळदीची पुडी ठेवली.

ऑगस्टमध्ये आरसा पडला. पावसाळा, सगळं ओलं दमट, रात्री तीनला धाडकन आवाज, आम्हाला वाटलं मांजर शिरलं. काच वाचली पण लाईट गेला आणि सक्शन कपाचा खटका तुटला. वॉरंटी एक वर्षाची. कस्टमर केअरला फोन, तर म्हणे अनबॉक्सिंगचा व्हिडिओ पाठवा. अहो, तीन महिन्यांपूर्वी घेतलेली वस्तू, तेव्हा मी व्हिडिओ कशाला काढीन? मग म्हणे पडल्यामुळे तुटलं ते वॉरंटीत बसत नाही. मी म्हटलं पडला कशामुळे, तुमच्याच कपामुळे ना. सहा ईमेल, चार फोन, एक हिंदी भांडण, शेवटी तेविसाव्या दिवशी बदलून दिला. हे तेवीस दिवस लक्षात ठेवा.

मधल्या काळात डागासाठी मी पालिकेच्या हॉस्पिटलात स्किनच्या ओपीडीला गेले. रांगेत दोन तास आणि आत डॉक्टरबाईंसमोर चार-पाच मिनिटं, पण त्या मिनिटांत जे कळलं ते मला कुठल्या रीलमध्ये कळलं नव्हतं. नाकावरचे ते ठिपके ब्लॅकहेड नाहीतच. त्वचेतलं तेल वर येतं त्या वाटेचं ते अस्तर आहे, तेल आणि मेलेल्या पेशींचं, सगळ्यांच्या नाकावर असतं. पिळून काढलं तरी महिनाभरात परत भरतं, कारण ते भरण्यासाठीच आहे. खरा ब्लॅकहेड जास्त काळा, मोठा, एकटादुकटा असतो, आणि तोही मळाने काळा होत नाही, छिद्रातलं बुच हवेला लागून काळवंडतं. हवंच असेल तर सॅलिसिलिक ॲसिडवालं फेसवॉश वापरा, थोडे फिके दिसतील, जाणार नाहीत. आणि छिद्रं उघडतात-मिटतात हेही खोटं, त्यांना मिटायला स्नायूच नसतो. म्हणजे मी वाफ घेऊन ‘उघडत’ होते आणि बर्फ लावून ‘मिटवत’ होते ते सगळं पाण्यात.

डागाबद्दल म्हणाल्या की आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीला कुठेही जखम झाली की ती रंग जास्त बनवून उत्तर देते. जखम दोन दिवसांची, डाग महिनोन्महिन्यांचा. उन्हाने अजून गडद होतो म्हणून रोज सनस्क्रीन, आणि लिंबू, टूथपेस्ट काही लावायचं नाही. (काकूंची हळद मी भाजीत वापरली.) शेवटी डॉक्टरबाईंनी एक प्रश्न विचारला, आरसा समोर नसतानाही बोटं चेहऱ्यावर जातात का, थांबायचं ठरवून थांबता येत नाही असं होतं का? मी म्हटलं नाही, आरसा पडल्यापासून हातच लावला नाही. मग ठीक आहे म्हणाल्या. काहींना थांबवताच येत नाही, जखमा होईपर्यंत खरवडत राहतात, तो रीतसर आजार आहे, त्याला मानसोपचार आणि सवय सोडवायची थेरपी लागते, आरसा बदलून भागत नाही.

घरी येऊन तारखा मोजल्या. आरसा नसलेल्या दिवसांत नाकाची लाली गेली होती, खपली आपोआप पडली होती. फेसवॉश तोच, क्रीम तेच. कस्टमर केअरने मला छळलं त्यात माझ्या नाकाचं भलं झालं, हे लिहितानाही जिवावर येतंय.

बदलीचा आरसा आल्यावर मी जरा डोकं चालवलं. पहिलं म्हणजे हे ‘टेन एक्स’ एका ठराविक अंतरालाच खरं. आतून खोलगट काच आहे, जवळ गेलं की कमी मोठं, थोडं मागे आलं की जास्त मोठं, अजून मागे गेलं की सगळं पुसट होतं आणि पार लांबून बघितलं तर बाथरूम उलटं टांगलेलं दिसतं. बघा करून. अजून एक, असला आरसा खिडकीत उन्हात ठेवू नका, ऊन एका बिंदूत गोळा होतं. आमच्या हॉलच्या पडद्याला करपलेला ठिपका पडलाय. थोडक्यात वाचलो.

आता माझी पद्धत अशी. सकाळी चेहरा बघायचा तो हॉलमधल्या कपाटाच्या साध्या आरशात, खिडकीच्या बाजूला तोंड करून, हातभर लांब उभं राहून. साध्या आरशात तुम्ही दोन फुटांवर उभे असलात तर प्रतिमा दोन फूट मागे असते, म्हणजे स्वतःला चार फुटांवरून बघता, टेबलापलीकडे बसलेला माणूस बघेल तसं. तिथून जे दिसत नाही त्याला हात लावायचा नाही. माझे चाळीसच्या चाळीस ठिपके तिथून गायब आहेत. (लोकलमध्ये माणसं चार इंचांवर असतात हे मान्य, पण ती मोबाईलमध्ये बघतात.) मोठं दाखवणारी बाजू, आरसा माझ्याकडे होता तोवर, फक्त ठरलेल्या कामाला, आणि काम आरसा फिरवायच्या आधी मोठ्याने म्हणायचं: हनुवटीचे दोन केस. चिमटा हातात घेऊनच जायचं, काम झालं की आरसा साध्या बाजूला फिरवायचा. रात्री अंघोळीनंतर तर अजिबात नाही. भुवया फक्त पार्लरमध्ये.

लाईटचंही केलं. छतातला पॅनल आता नवऱ्याच्या दाढीपुरता लागतो. बेसिनच्या आरशाच्या दोन्ही बाजूंना चेहऱ्याच्या उंचीवर दोन बल्ब लावून घेतले, पिवळट-पांढरे, बॉक्सवर 4000K लिहिलेले. इलेक्ट्रिशियन म्हणाला ताई मेकअप रूम करताय काय. दोन्हीकडून उजेड आल्यावर सावल्या पडत नाहीत, चेहरा हॉलमध्ये दिसतो तसाच तिथेही दिसतो. बल्ब, होल्डर, मजुरी धरून आरशापेक्षा कमी खर्च, हे आधी केलं असतं तर आरसा लागलाच नसता.

आणि आता पलटी. नवीन आरसा मी विकायला काढणार होते, तर आई गिरगावहून आली होती, तिने बघितला आणि सोडेचना. वय चौसष्ट, चष्मा काढला की जवळचं दिसत नाही आणि चष्मा घातला की काजळ घालता येत नाही. ह्या आरशात प्रतिमा काचेच्या बरीच मागे बनते म्हणून तिला चष्म्याशिवाय स्पष्ट दिसते. काजळ घालते, हनुवटीचा केस काढते, आरसा पालथा घालते आणि चहा ठेवते. नाकाकडे बघतही नाही. मी विचारलं तुला ते ठिपके दिसत नाहीत का, तर म्हणाली, ‘दिसतात की, मग?’

आरसा आता गिरगावला आहे. तिच्याकडे जुन्या पांढऱ्या गुळगुळीत टाईल आहेत, कप घट्ट बसलाय, तीन महिने पडला नाही. माझा डाग डिसेंबरपर्यंत निम्मा फिका झालाय, शेपूट जवळपास आलंय. आरशाला तीन स्टार देते. एक कस्टमर केअरचा कापला, एक त्या खटक्याचा, आणि बॉक्सवर मॅट टाईलबद्दल छापत नाहीत तोवर तो खटक्याचा मी परत देणार नाही.