रिकाम्या हॉलच्या फोटोत सोफा बसवणं: fSpy आणि ब्लेंडर, काही महिन्यांनंतर

लातुरात फ्लॅटचे फोटो काढून देतो, आणि रिकाम्या खोलीत फर्निचर टाकून मागणारे बिल्डर आता लई झालेत, म्हणून हे दोन्ही फुकटचे सॉफ्टवेअर महिनोन्‌महिने वापरून झाल्यावर लिहितोय.

fSpy चं काम एवढंच की फोटोतल्या फरशीच्या सांध्यांवर अन् भिंतीच्या कडांवर रेघा ठेवायच्या, ते कॅमेरा कुठं होता ते काढतं आणि तोच कॅमेरा ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये उघडतो, तिथं सोफ्याचं मॉडेल ठेवायचं. माप मात्र आपणच द्यायचं. आपल्याकडं टाइल बहुतेक दोन बाय दोनची, म्हणजे सात फुटी सोफा साडेतीन टाइलच खाणार. फोन सरळ धरून पाच फुटावरून फोटो काढला असंल तर अडीच फुटी सोफ्याची पाठ खोलीत कुठंबी ठेवा, फरशीपासून क्षितिजरेषेच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या उंचीवरच्या आडव्या रेघेच्या, बरोबर अर्ध्यावर येते, नाही आली तर स्केल चुकलंय. आणि क्रॉप केलेला फोटो घेऊच नका, कारण fSpy फोटोचा मध्य म्हणजेच लेन्सचा मध्य धरून चालतं. ब्रोकर नेमका तसलाच पाठवतो!

खरी गंमत उन्हाची. औसा रोडच्या एका हॉलात पश्चिमेची खिडकी होती, संध्याकाळचं ऊन फरशीवर पडलेलं. खिडकीची खालची कड फरशीपासून तीन फूट, आणि त्या कडेच्या कोपऱ्याच्या सरळ खालच्या जागेपासून उन्हाच्या पट्ट्याचा तोच कोपरा तिरपा सहा फुटावर, म्हणजे सावली उंचीच्या दुप्पट. दीड फुटी टीपॉयची तीन फूट, आणि दिशा त्याच तिरप्या रेघेची. वरच्या कडेवरून मोजू नका, बाहेरचा छज्जा ऊन कापतो आन्‌ हिशोब फसतो.

पण ही कडक सावली फक्त उन्हाच्या पट्ट्यातच. बरेच जण अख्ख्या खोलीत कडक सावल्या टाकतात, तिथंच फोटो खोटा वाटतो. पट्ट्याबाहेरच्या सोफ्याला खिडकीच्या उलट बाजूला पुसट सावली आणि पायांपाशी गडद बारीक रेघ, बस. ती रेघ नसली की सोफा हवेत तरंगतो. ब्लेंडरमध्ये फरशीला Shadow Catcher लावलं की सावली येते, पण ती किती काळी हे फोटोवरूनच ठरवायचं: पट्ट्यातली सावली शेजारच्या बिनउन्हाच्या फरशीएवढीच दिसली पाहिजे, त्याहून काळी असायचं कारणच नाही.

वैताग एकच, चकचकीत टाइल. सोफ्याचं प्रतिबिंब वेगळं रेंडर करून फिकट चढवावं लागतं, अन् माझ्या जुन्या लॅपटॉपवर त्यात रात्र जाते. मॅट फरशीचा फ्लॅट आला की मी रेट कमी लावतो.