राजवाडा वाकडा आला तर फिरवायचा की ओढायचा? आणि पानाचं काय?

आमचा मामेभाऊ मंडळाची स्मरणिका काढतोय, कव्हरवर इंदूरचा राजवाडा आणि आत आजोबांच्या एका जुन्या पुस्तकातलं पान. दोन्ही फोटो मोबाईलवर काढलेले, दोन्ही वाकडे. त्याने विचारलं, दादा नुसतं रोटेट करू का ते चार कोपरे ओढायचं करू? फोनवर सांगून संपेना म्हणून इथे लिहितोय.

आधी वाकडं कसं आहे ते बघ. फोटोतल्या उभ्या रेषा, म्हणजे खांब, दाराच्या चौकटी, सगळ्या एकाच बाजूला सारख्या कलल्या असतील तर तुझा हात तिरका होता, रोटेट कर, विषय संपला. पण डावीकडच्या उजवीकडे झुकतायत, उजवीकडच्या डावीकडे, आणि मधली सरळच आहे, असं असेल तर तू फोन वर करून काढलायस, आणि तिथे रोटेट करून काहीच होणार नाही, एक बाजू सुधारेल तेवढी दुसरी बिघडेल. राजवाड्याचं हेच होतं. सात मजले आहेत, खालचे तीन दगडी आणि वरचे लाकडी, आणि समोर मागे सरकायला गेलास की गर्दी आणि गाड्या, मग माणूस मान वर करतोच.

बहुतेक जण चुकतात ते आडव्या रेषांना धरून फोटो लेव्हल करायला जातात तिथे. इमारतीसमोर जरा कोपऱ्यातून उभं राहिलं की सज्जाची रेषा तिरकी दिसणारच, ती पर्स्पेक्टिव्ह आहे, तिला सपाट केलंस की अख्खा वाडा पडायला आल्यासारखा दिसतो. फ्रेमच्या मध्याजवळची उभी रेषा धर, ती सरळ कर.

रोटेटचा फायदा म्हणजे आकार बिघडत नाही. तोटा कडांचा. ४००० बाय ३००० चा फोटो ३ अंश फिरवून रिकामे कोपरे कापले आणि तोच आकार ठेवला तर साधारण ३७४४ बाय २८०८ उरतो, म्हणजे बारा टक्के फोटो गेला. कळस फ्रेमला चिकटलेला असेल तर गेलाच म्हणून समज.

पर्स्पेक्टिव्ह करेक्शनमध्ये, म्हणजे ते चार कोपरे ओढण्यात, वरचा भाग रुंद ताणला जातो, त्यामुळे वरचे मजले थोडे मऊ, धुरकट दिसतात, तिथे नवीन डिटेल कुठून येणार? GIMP मध्ये Perspective टूल घेऊन Direction ला Corrective कर आणि ग्रिड वाड्याच्या कडांवर बसव. पूर्ण शंभर टक्के सरळ केलंस तर वाडा वरून जड, डोक्यावर पडतोय असा वाटतो, मी थोडा कल राहू देतो, डोळ्याला बरं वाटतं. आणि हे फक्त एका सपाट भिंतीपुरतं खरं असतं, बाहेर आलेले सज्जे त्या प्रतलात नाहीत, ते खालूनच दिसणार. समोरची माणसं एकदम बारीक किंवा जाडी दिसायला लागली तर प्रमाण गेलंय, मग उंची थोडी कमीजास्त करून घे.

पानाचं मात्र वेगळं, आणि सोपं, कारण पानाची पट्टी लावता येते! आपलं पान मी मोजलं, १४ बाय २२ सेंटीमीटर. म्हणजे आउटपुट १४०० बाय २२०० ठेवला की प्रमाण आपोआप बरोबर, अंदाजाचं काम नाही. राजवाड्याला पट्टी कोण लावणार. फोटो ३००० बाय ४००० चा होता, चार कोपऱ्यांचे आकडे एडिटरमध्ये कर्सर ठेवून बघितले, आणि कमांड लिहून चालवायच्या ImageMagick ला दिले:

```
magick pan.jpg -distort Perspective "310,240 0,0  2690,300 1400,0  2860,3790 1400,2200  150,3700 0,2200" -crop 1400x2200+0+0 +repage saral.jpg
```

चार-चार आकड्यांच्या प्रत्येक गटात पहिले दोन म्हणजे फोटोतला कोपरा, पुढचे दोन तो जिथे जायला हवा ती जागा, डावा-वर पासून घड्याळाच्या दिशेने. एक कोपरा उलटसुलट लिहिलास की पान पिळलेल्या फडक्यासारखं येतं, मला दोनदा आलं.

इथे आधी वेगळं रोटेट करू नकोस, चार कोपऱ्यांत तेही होऊन जातं, आणि दोनदा फिरवलं तर अक्षरं दोनदा मऊ होतात.

झालं की नाही ते शिरोरेषेवरून बघ. पानाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या ओळीची शिरोरेषा आडवी हवी. आपल्या पानात बाहेरची बाजू मस्त सरळ आली पण शिवणीकडे ओळी वर चढत गेल्या, कारण पुस्तक तिथे फुगतं, आणि फुगलेल्या पानाला चार कोपरे कितीही ओढ, काही उपयोग नाही. मग मी काचेचा तुकडा ठेवून पान दाबलं, खिडकीच्या बाजूच्या उजेडात वरून सरळ फोटो काढला, आणि त्यानंतर कोपऱ्यांना हात लावायची फार गरजच पडली नाही.

तर पानाचा फोटो परत काढ, काच मी देतो. वाड्याचा आहे तोच घे, Corrective ने, पण कळसाच्या वर आकाश किती शिल्लक आहे ते आधी बघ, नसेल तर एकदा सकाळी लवकर ये, पोहे खाऊन जाऊ, तेव्हा मागे सरकायला जागा असते.